जुन्या पोस्टला आजची तारीख

बातमीच्या टेबलावर एक प्रश्न सतत कानावर पडतो: "यात आजचं काय?" सातारा-सांगलीचं पान लावत असताना बातमीदार एखादं झकास प्रकरण घेऊन यायचा. सगळं खरं, कागदपत्रं जोडलेली. पण आजचं काही नसेल तर ते खणात जायचं. मग कुणी उपोषणाला बसलं, कुणाला नोटीस निघाली किंवा कुणी राजीनामा दिला, की तेच प्रकरण खणातून निघून पहिल्या पानावर यायचं. मजकूर तोच असायचा, तारीख तेवढी नवी.

जुनी लाजिरवाणी पोस्ट काढून टाकू का, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. तुमची पोस्ट दहा वर्षांपूर्वीची आहे, तिच्यात आजचं काही नाही. ती तुम्ही काढलीत आणि ते कुणाच्या लक्षात आलं, तर मात्र आज काहीतरी घडलं असं होतं. "अमुक म्हणाला होता" ही बातमी होत नाही. "अमुकने रातोरात पोस्ट काढली" ही होते.

•

विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिले निवडणुकीला उभे राहणारे: सोसायटी, ग्रामपंचायत, पालिका, झेडपी. यांच्या पोस्टी बहुतेक राजकीय टोमण्यांच्या. आपल्याकडे २०२२ आणि २०२३ मध्ये दोन मोठे पक्ष फुटले आणि कार्यकर्त्यांच्या भिंतीवर पाच-सात वर्षांची शिवीगाळ तशीच राहिली. ज्याला 'गद्दार' म्हटलं त्याच्याच शेजारी आता बॅनरवर फोटो लावायचा आहे.

दुसरे लग्नाचे. स्थळ बघताना हल्ली मुलाकडचे आणि मुलीकडचे दोघेही फेसबुक-इन्स्टाग्राम चाळतात, आणि हे काम घरातल्या सर्वांत लहान भाच्याकडे असतं. तो निवांत खाली-खाली जात राहतो.

तिसरे कॉलेजातून नोकरीला निघालेले. यांच्या पोस्टीत आक्षेपार्ह काही नसतं. नववीतल्या चारोळ्या, कुणाला तरी उद्देशून टाकलेलं रडगाणं, गॉगल लावून बुलेटवर काढलेले फोटो. कराडच्या एका मुलीने मला विचारलं, "काका, हे काढलं तर कंपनीला कळेल का?" कळायला कुणीतरी आधी बघितलेलं असावं लागतं. तिला म्हटलं, खुशाल काढ. या तिसऱ्या गटाला एवढंच उत्तर पुरतं. पंचाईत पहिल्या गटाची असते, म्हणून पुढची टिपणं बरीचशी त्यांच्यासाठी.

•

सांगलीच्या एका कार्यकर्त्याचं उदाहरण सविस्तर लिहून ठेवतो. नाव अर्थातच नाही.

२०१४ च्या विधानसभेआधी त्याने एका नेत्याचा फोटो छेडछाड करून टाकला होता, वर दोन ओळींचा टोमणा. साठ-सत्तर लाइक, थोड्या कॉमेंटी, चार शेअर. पुढे तो त्याच नेत्याच्या पक्षात गेला आणि वॉर्डातून उभं राहण्याच्या तयारीला लागला. माझ्याकडे आला तेव्हा बोट डिलीटवरच होतं. म्हटलं, थांब, आधी बघू.

पहिली पायरी: पोस्ट दिसते कुणाला? फोनमधल्या ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, लॉगिन न करता, त्याचं नाव आणि नेत्याचं नाव शोधलं. गूगलवर काही आलं नाही. मग जो त्याचा 'फ्रेंड' नाही अशाच्या खात्यावरून प्रोफाइल उघडलं. पोस्ट 'पब्लिक' होती आणि त्याच्या प्रोफाइलमधल्या शोधाच्या भिंगात नेत्याचं आडनाव टाकलं की लगेच वर यायची. म्हणजे खोल पुरलेली आहे हा त्याचा समज निम्माच खरा. वरून खाली चाळणाऱ्याला ती सापडली नसती. शोधणाऱ्याला दोन मिनिटांत सापडली असती.

दुसरी पायरी: शेअर कुणी केले? चारपैकी दोन त्याचे चुलतभाऊ. एक खातं बंद पडलेलं. चौथा त्या वेळचा मित्र आणि आता समोरच्या पॅनेलचा माणूस. हा चौथा महत्त्वाचा. फेसबुकवर मूळ पोस्ट काढली की शेअर करणाऱ्याच्या भिंतीवर त्या जागी "हा मजकूर आता उपलब्ध नाही" अशा अर्थाचा कोरा चौकोन राहतो. म्हणजे आपण काढल्याची पाटी आपणच दुसऱ्याच्या दारात लावून येतो. शेअर शून्य असतील तर ही अडचण नाही. शेअरचा आकडा बघायचा तो यासाठी.

तिसरी पायरी: दुरुस्ती करता येईल का? त्याची कल्पना होती की टोमणा पुसून जागी नुसता नमस्कार टाकावा. फेसबुकवर पोस्ट बदलली की बदलांचा इतिहास राहतो, आणि ज्याला पोस्ट दिसते त्याला तो इतिहासही उघडता येतो. जुना आणि नवा मजकूर एकाखाली एक. विरोधकाला स्क्रीनशॉट जोडायचेही कष्ट पडले नसते.

मग केलं काय? उमेदवारी अर्जाला अजून बराच अवकाश होता. फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या पोस्टींचा प्रेक्षकवर्ग एकदम आवळण्याची सोय आहे: आजवर जे 'पब्लिक' होतं ते सगळं 'फ्रेंड्स'पुरतं. कुणाला सूचना जात नाही. एकच पोस्ट गायब झाली असं न दिसता जुना काळच पडद्याआड जातो. ते केलं. दोन्ही भावांना फोन करून त्यांचे शेअर काढायला लावले. मूळ पोस्टला हात लावला नाही, कारण चौथ्याचा शेअर. प्रेक्षकवर्ग आवळला की त्याच्याकडची पोस्ट, तो फ्रेंड असल्यामुळे, त्याला स्वतःला दिसतच राहिली. जे फ्रेंड नव्हते त्यांना दिसली नाही. गेली म्हणून त्याने बोंब मारायला जागा उरली नाही.

आणि दोन वाक्यांचं उत्तर तयार करून ठेवलं.

मतदानाच्या आधी समोरच्याने स्क्रीनशॉट सोडलाच. हा म्हणाला, "होय, माझीच आहे. तेव्हा मी त्यांच्या विरोधात होतो, आज बरोबर आहे. फोटोची चेष्टा केली ती मात्र चूक होती आणि ते मी साहेबांना भेटून सांगितलंय." ग्रुपवर संध्याकाळपर्यंत चर्चा झाली, सकाळी विषय पाण्याच्या टँकरवर गेला. नाकारलं असतं, तर पुरावा कुणाचा खरा यावर तीन दिवस गेले असते.

•

त्याच सुमाराला दुसऱ्या एका वॉर्डातल्या उमेदवाराने अर्ज भरल्याच्या रात्री आपल्या तीन पोस्टी काढल्या. विरोधकांनी अर्ज भरायच्या आधीच सगळ्यांच्या भिंती चाळून स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते. सकाळी दोन चित्रं शेजारी-शेजारी फिरली, काल होती आणि आज नाही. पोस्टींत तसं काही नव्हतं. एक तर नुसती रस्त्याच्या खड्ड्यांची तक्रार होती. पण काढली म्हणजे काहीतरी असणार, असं लोकांनी धरलं आणि जे नव्हतं तेही वाचलं.

विधानसभेच्या उमेदवाराला तर नमुना २६ च्या शपथपत्रात आपली सोशल मीडियावरची खातीसुद्धा लिहून द्यावी लागतात. म्हणजे समोरच्याला पत्ता आपणच देतो. त्यानंतर झाडझूड करणं म्हणजे पाहुणे ओट्यावर बसल्यावर केर काढणं.

•

प्रत्येक ठिकाणी काढल्याची खूण वेगळी राहते.

व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी डिलीट केलं की मेसेज जातो, पण 'मेसेज डिलीट केला' ही ओळ त्याच जागी राहते. दोनशे माणसांच्या गावकीच्या ग्रुपवर ही ओळ मूळ मेसेजपेक्षा जास्त वाचली जाते. लगेच कुणीतरी विचारतो, "काय टाकलं होतं भाऊ?" आणि ज्याने वाचलेलं असतं तो सांगतो, थोडं वाढवूनच. ॲडमिनने काढला तर ॲडमिनने काढल्याचं दिसतं, मग त्यावर वेगळा वाद. शिवाय ही सोय साधारण अडीच दिवसच चालते. त्यानंतर तो मेसेज फक्त आपल्या फोनमधून काढता येतो, इतरांच्या नाही. फॉरवर्ड झालेल्या प्रती तर कधीच मागे येत नाहीत. त्यामुळे व्हॉट्सॲपवरच्या जुन्या मेसेजबद्दल निर्णय घ्यायचा प्रश्नच नसतो. तो वर गेलेला आहे, त्याला कुणी उत्तर म्हणून धरून पुन्हा खाली आणलं नाही तर तो वरच राहील.

एक्सवर मूळ पोस्ट काढली तरी तिला आलेली उत्तरं लोंबकळत राहतात, आणि वर पोस्ट लेखकाने काढल्याची ओळ दिसते. उत्तरं संतापाची असतील तर त्यांवरून मूळ मजकूर कुणीही ताडू शकतो.

इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर 'आर्काइव्ह' नावाची मधली वाट आहे. पोस्ट इतरांना दिसेनाशी होते, आपल्यापाशी राहते आणि हवी तेव्हा परत लावता येते. डिलीट केलेलीही तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात असते. पुढे कुणी "तू असं असं लिहिलं होतंस" म्हटलं, तर आपण नेमकं काय लिहिलं होतं हे आपल्याकडे असलेलं बरं. समोरच्याकडचा स्क्रीनशॉट खरा की रंगवलेला, हे सांगायला मूळ प्रतच लागते. म्हणून शंका असेल तेव्हा डिलीटपेक्षा आर्काइव्ह बरं.

•

जुन्या पोस्टला वर आणण्याचे आणखी दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही लोक भाबडेपणाने वापरतात. एक म्हणजे जुन्या पोस्टखाली आज कॉमेंट करणं: "मित्रांनो, हे माझे जुने विचार आहेत, गैरसमज नसावा." गैरसमज कुणाचाच नव्हता, कारण कुणी वाचलंच नव्हतं. नवी कॉमेंट पडली की पोस्ट पुन्हा लोकांच्या पुढ्यात येऊ शकते. दुसरा म्हणजे फेसबुकने दाखवलेली 'आठवण' न बघता शेअर करणं. ती आपण शेअर करेपर्यंत आपल्यापुरती असते. शेअर केली की आठ वर्षांपूर्वीचा टोमणा आजच्या तारखेने सगळ्यांना जातो.

•

लपवायला जावं आणि त्यामुळेच बोभाटा व्हावा, या प्रकाराला जगात एका गायिकेच्या नावाने ओळखतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची धूप नोंदवायला एका छायाचित्रकाराने हेलिकॉप्टरमधून हजारो फोटो काढले. त्यांतल्या एकात बार्बरा स्ट्रायसँडचं घर आलं. तिने २००३ मध्ये पाच कोटी डॉलरचा दावा लावला. दाव्याआधी तो फोटो सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, आणि त्या सहांपैकी दोन वेळा तिच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाली आणि पुढच्या महिन्याभरात त्या संकेतस्थळाला चार लाखांहून जास्त लोकांनी भेट दिली. दावा ती हरली. २००५ मध्ये माइक मॅस्निक या लेखकाने या प्रकाराला तिचं नाव दिलं.

मला यातला सहाचा आकडा महत्त्वाचा वाटतो. काढायला धावण्याआधी आपला 'सहा' किती आहे ते बघावं.

•

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे आणि त्यातला एक माणूस कराडजवळच्या टेंभूचा. गोपाळ गणेश आगरकर.

'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले १८८१ च्या जानेवारीत. त्याच वर्षाअखेरीस कोल्हापूरच्या छत्रपती शिवाजीराव महाराजांचा दरबारात छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं या पत्रांतून आलं. आधाराला काही पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. खटल्यात ती पत्रं बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून २६ ऑक्टोबरला सुटले तेव्हा लोक स्वागताला जमले होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं.

आता बर्व्यांच्या बाजूने बघा. कायद्याने ते जिंकले. त्यांच्यावरचा आरोप पुराव्यानिशी खोटा ठरला. पण जेमतेम दीड वर्षाची ती दोन वर्तमानपत्रं त्या खटल्याने महाराष्ट्रभर नेली. बर्व्यांचं नाव आज कुणाला ठाऊक असेल तर ते या आरोपामुळेच, आणि आरोप खोटा ठरला होता ही गोष्ट त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसते. फिर्याद लावू नये असं मी म्हणत नाही. अब्रूवर आलं तर माणूस करेल काय? पण न्यायालयात जिंकणं आणि विषय पुरणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच हत्याराने दोन्ही होत नाहीत.

•

उलट बाजूचंही लिहिलं पाहिजे, नाहीतर ही टिपणं एकांगी होतील. स्ट्रायसँड, बर्वे ही सगळी फसलेल्या प्रयत्नांची उदाहरणं आहेत. जमलेले प्रयत्न आपल्याला माहीतच नसतात. माहीत असते तर ते जमले नसते. सातारा-सांगलीत रोज कितीतरी लोक जुन्या पोस्टी काढत असतील आणि कुणालाही पत्ता लागत नसेल. तेव्हा "काढलं की बोभाटा होतोच" हा नियम नाही. बोभाटा व्हायला तीन गोष्टी एकदम लागतात: माणसावर कुणाची तरी नजर असावी, जुनी प्रत कुणाच्या तरी हाती असावी, आणि काढण्याची वेळ संशय यावा अशी असावी. तीनपैकी एक जरी नसली तरी पोस्ट मुकाट्याने जाते. यातल्या पहिल्या दोन आपल्या हातात नाहीत. वेळ मात्र आहे.

•

वेळ चुकली की माफीसुद्धा उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, तेव्हा पालघरच्या एका तरुणीने बंदवर प्रश्न करणारी पोस्ट टाकली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. विरोध सुरू होताच तिने पोस्ट काढली, माफीही मागितली. तरी दोघींना अटक झाली, तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. आणि मग ती काढून टाकलेली पोस्ट देशातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात छापून आली. पुढे गुन्हा मागे पडला, आणि ज्या कलमाखाली अटक झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं.

तिने काढलं यात चूक काही नव्हती. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण लोक दारात आल्यानंतर डिलीटचं बटण काहीच वाचवत नाही, हे त्यातून दिसलं. त्या क्षणी घरातल्यांना सुरक्षित जागी हलवणं आणि वकिलाला फोन लावणं ही पहिली कामं.

•

सातारा जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुरावरून दंगल झाली, एका माणसाचा जीव गेला, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. धर्म, जात आणि थोर पुरुष यांच्याबद्दलची पोस्ट ही लाजिरवाणी पोस्ट नसते, ती वेगळ्याच जातीची. आपल्या भिंतीवर जुनी अशी काही असेल तर ती गावात शांतता असताना काढावी, आणि काढताना कुणाला सांगू नये. पेटलेल्या दिवशी मात्र, आपण न लिहिलेलं काही आपल्या नावावर फिरत असेल तर पुसापुशी न करता आधी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. खातं दुसऱ्याने वापरलं हे दाखवायला लॉगिनच्या नोंदी लागतात.

तक्रार आपल्याच विरोधात दाखल झाली असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही काढू नये. गुन्ह्याचा पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ आरोपातून सुटणारा माणूस उगाच याच्यात अडकायला नको.

•

कायद्याने कंपनीला पुसायला लावता येईल का, असंही लोक विचारतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती पुसून मागण्याचा हक्क देतो खरा. पण माणसाने स्वतः होऊन जाहीरपणे टाकलेली माहिती त्या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. आपणच चावडीवर वाचून दाखवलेलं पत्र परत मागण्यासाठी तो नाही. तेव्हा नोटीस-बिटीस पाठवण्याआधी आपल्या हातातली बटणं वापरून घ्यावीत. नोटीस हाही एक कागदच, आणि कागद बाहेर पडतो.

•

सगळं काढण्यासारखंच असतं असं नाही. काही पोस्टी राहू देऊन दुरुस्त कराव्यात. पुराचं उदाहरण घ्या.

सांगलीत कृष्णेची इशारा पातळी आयर्विन पुलापाशी ४० फूट, धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या दिवसांत लोकांनी जे व्हिडिओ आणि आकडे टाकले, ते दर पावसाळ्यात पुन्हा उठतात. "आयर्विनला ५७ फूट, पाणी वाढतंय, घरं सोडा" असा मेसेज तारखेविना फिरतो आणि नदीकाठच्या गल्ल्यांत म्हातारी माणसं रात्रभर जागी राहतात. अशी पोस्ट मूळ तुमची असेल आणि तुम्ही ती काढलीत, तर प्रती फिरत राहतात आणि खातरजमा करायला येणाऱ्याला मूळ सापडत नाही. इथे पोस्ट ठेवावी आणि पहिल्याच ओळीत लिहावं: "हा व्हिडिओ ऑगस्ट २०१९ चा आहे." मघाशी उमेदवाराला अडचणीचा वाटलेला बदलांचा इतिहास इथे कामाचा ठरतो. कुणी काय बदललं ते उघड दिसतं आणि विश्वास बसतो.

फरक असा, की लाजिरवाणी पोस्ट फक्त आपल्याला बोचते. चुकीची पोस्ट दुसऱ्याला चुकीच्या वाटेला लावते. पहिली पुरली तरी चालते. दुसरी पुरता येत नाही, दुरुस्तच करावी लागते.

•

आणि तिसरी जात: दुसऱ्याचं नुकसान करणारी. कुणाचा फोन नंबर, वर्गातल्या मुलीचा तिला न विचारता टाकलेला फोटो, भांडणात सोडलेलं घरातलं गुपित, पुरात बुडालेल्यांचे चेहरे. इथे बोभाटा होईल का, हा हिशेबच करू नये. उद्या निवडणूक असली तरी आज काढावी, शेअर करणाऱ्यांना फोन करून काढायला लावावी, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला काढल्याचं कळवावं. लोक बोलले तर बोलू द्यावं. आपली अब्रू हा इथे दुसरा प्रश्न आहे.

•

तेव्हा कुणी विचारायला आलं तर मी सांगतो ते असं. दुसऱ्याला दुखवणारी असेल तर आत्ताच काढा. चुकीची माहिती असेल तर वर तारीख आणि दुरुस्ती लिहून ठेवा. नुसती लाज वाटण्यापुरती असेल, तर आधी परक्याच्या खात्यावरून ती दिसते का ते बघा आणि शेअरचा आकडा बघा. निवडणूक, सोयरीक किंवा खटला यांपैकी काहीही पुढच्या सहा महिन्यांत नसेल, तर ती एकटी न काढता आसपासच्या वर्षभराच्या पोस्टींसकट आर्काइव्ह करा आणि कुणाशी बोलू नका. यांपैकी काही तोंडावर आलं असेल, तर तिला हात लावू नका. त्याऐवजी एका कागदावर दोन खरी वाक्यं लिहून खिशात ठेवा, आणि कुणी विचारलं तर तेवढीच बोला.